तिकिटावर कोटा ‘जनरल’, मग वेटिंग PQWL कसं?

प्रश्न: काका, सोबत तिकिटाचा फोटो आहे. ग्वाल्हेर ते पुणे, गोवा एक्स्प्रेस, थर्ड एसी, आम्ही चौघं, भाचीच्या लग्नाला. कोटा GN म्हणजे जनरल लिहिलाय, पण नावांपुढे PQWL/14 ते 17 आणि शेजारच्या रकान्यात 9 ते 12 असं छापलंय. आज पीएनआर तपासला तर 6 ते 9 दाखवतंय. बारा दिवस उरलेत. आकडा एक अंकी झालाय, तर होईल ना कन्फर्म? आई-बाबा बरोबर आहेत, म्हणून काळजी वाटते.

उत्तर:

चौघांचं मिळून होईल असं धरून लग्नाला निघू नका. पहिल्या दोघांचं होऊ शकतं, तिसऱ्याचं काठावर आहे, चौथ्याचं मला अवघड दिसतं. तिकीट आज रद्द करू नका, पण याच आठवड्यात दुसरी सोय लावा. असं का म्हणतो ते तुमच्याच फोटोवरून सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वीस वर्षांहून जास्त काळ तिकिटांचंच काम करतोय आणि या एका कोडपायी घरातली मंडळी आयत्या वेळी स्टेशनवरून परतलेली मी पाहिली आहेत.

त्याआधी एक विनंती. पुढच्या वेळी फोटो टाकताना पीएनआरचे दहा आकडे आणि नावं बोटाने झाकून मग फोटो काढा. पीएनआर हाती आला की तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने घराबाहेर आहात हे कुणालाही कळतं. माझ्यासारख्याला सल्ला द्यायला पीएनआर लागत नाही. गाडी, तारीख, वर्ग, कुठून कुठे आणि नावांपुढचे ते दोन रकाने एवढं पुरतं.

आता ‘जनरल’ आणि PQWL यांचं कोडं. हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वरच्या बाजूला कोटा म्हणून जे GN छापलंय, ते तुम्ही काय मागितलं ते सांगतं. म्हणजे तत्काळ नाही, महिलांचा कोटा नाही, सैनिकी कोटा नाही, साधं सर्वांसाठीचं तिकीट. रेल्वेने तुम्हाला कुठल्या रांगेत उभं केलं ते मात्र नावापुढचं कोड सांगतं. एकाच गाडीच्या एकाच वर्गात, ‘जनरल’ मागणाऱ्यांच्याच तीन वेगळ्या रांगा असू शकतात आणि एका रांगेतली जागा रिकामी झाली म्हणून दुसऱ्या रांगेतला माणूस पुढे सरकत नाही. आकडा लहान की मोठा हे बघण्याआधी रांग कोणती ते बघावं लागतं.

या रांगा का केल्या हे समजायला तुमचीच गाडी घ्या. ती हजरत निजामुद्दीनहून निघते आणि पुण्यावरून पुढे वास्कोपर्यंत जाते. थर्ड एसीच्या आताच्या नव्या डब्यात 72 बर्थ असतात. त्यातला एक बर्थ दिल्ली ते वास्को जाणाऱ्याला दिला तर तो सगळ्या वाटेवर भरलेला राहतो. तोच बर्थ तुम्हाला ग्वाल्हेर ते पुणे दिला तर दिल्ली ते ग्वाल्हेर तो रिकामा धावू शकतो आणि पुण्यानंतर पुन्हा रिकामा. म्हणून रेल्वे सगळे बर्थ सगळ्यांना खुले ठेवत नाही. मोठा वाटा सुरुवातीच्या स्थानकाकडून लांब जाणाऱ्यांना राखलेला असतो आणि त्यांची प्रतीक्षा यादी म्हणजे GNWL. वाटेतल्या एखाद्या मोठ्या स्थानकाला स्वतःचे ठरावीक बर्थ दिलेले असतील तर त्यांची यादी RLWL. आणि वाटेतल्या अनेक स्थानकांना मिळून जो एक छोटा सामायिक वाटा दिलेला असतो, त्याची यादी PQWL. त्यातला P म्हणजे ‘पूल’. आपल्याकडे चार घरांत मिळून एक विहीर असायची, तसंच हे. पाणी सगळ्यांचं, पण विहीर एकच आणि लहान.

तुम्ही या सामायिक विहिरीच्या रांगेत आहात. तुमच्या पुढचे पाच जण सगळे ग्वाल्हेरचेच असतील असंही नाही. त्यात वाटेतल्या दुसऱ्या स्थानकावरून चढणारेही असू शकतात. तुम्ही पुढे सरकता ते याच वाट्यातल्या कुणी तिकीट रद्द केलं तर. दिल्लीहून गोव्याला निघालेल्या आठ जणांनी एका दिवसात तिकिटं रद्द केली तरी त्या आठ जागा आधी GNWL वाल्यांकडे जातात आणि तुमचा आकडा तसाच राहतो. पीएनआर रोज तपासणारे लोक मला विचारतात, ‘चार दिवस हललंच नाही, सिस्टम बंद आहे का?’ सिस्टम चालूच असते, फक्त विहीर लहान असते.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. एकाच संध्याकाळी, एकाच गाडीचे दोन लोक माझ्यासमोर बसले होते. एकाचं तिकीट गाडीच्या पहिल्या स्थानकापासूनचं, GNWL 41. तो तोंड पाडून बसलेला. दुसऱ्या तिघांच्या कुटुंबाचं PQWL 1, 2, 3. त्यांना मीच म्हणालो, ‘तीनच तर आहे, होऊन जाईल.’ चार्ट निघाला तेव्हा 41 वाल्याला बर्थ मिळाला होता आणि त्या तिघांपैकी फक्त पहिल्या बाईंना. नवरा आणि मुलगी यादीतच राहिले. बाई एकट्या गेल्या नाहीत आणि ज्या कार्याला निघाले होते ते चुकलं. त्या दिवसापासून आकडा सांगण्याआधी मी कोड मोठ्याने वाचतो.

आता त्या दोन रकान्यांकडे या. पहिला रकाना बुकिंगच्या वेळची स्थिती, PQWL/14 ते 17. तो जन्मभर बदलत नाही. यादी सुरू झाल्यापासून तिच्यात तुमचा लागलेला क्रम म्हणजे 14. दुसरा रकाना चालू स्थिती, तिथे 9 ते 12. म्हणजे तुम्ही तिकीट काढलं त्या क्षणी तुमच्या आधीच्या तेरा जणांपैकी पाच जण यादीतून निघालेले होते, काहींनी रद्द केलं असेल, काहींना बर्थ मिळाला असेल. लक्षात घ्या, हा दुसरा रकाना तिकीट छापलं त्या दिवसाचा आहे. फोटो आज काढला म्हणून आकडा आजचा होत नाही. पुष्कळ लोक महिन्यापूर्वीच्या प्रिंटवरून मला विचारतात आणि मीही त्याच आकड्यावर हिशेब करावा असं त्यांना वाटतं. तुम्ही आज पीएनआर तपासून 6 ते 9 सांगितलंत हे फार चांगलं केलंत, कारण आता तीन बिंदू मिळाले आणि तीन बिंदू मिळाले की वेग काढता येतो.

फोटोत बुकिंगची तारीख दिसते, ती प्रवासाच्या 38 दिवस आधीची आहे. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं (त्याआधी 120 दिवस होते). म्हणजे ही यादी जास्तीत जास्त 22 दिवस जुनी असताना तुम्ही तिच्यात शिरलात आणि तोवर पाच माणसं निघाली होती. त्यानंतर आजपर्यंत 26 दिवस गेले आणि तुम्ही 9 वरून 6 वर आलात, म्हणजे आणखी तीन. एकूण 48 दिवसांत आठ. सरासरी सहा दिवसांना एक. या चालीने उरलेल्या बारा दिवसांत दोन माणसं निघतील आणि तुम्ही 4 ते 7 वर याल.

अर्थात शेवटपर्यंत चाल एकसारखी राहत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत रद्द होण्याचं प्रमाण वाढतं, कारण ज्यांनी दोन गाड्यांत तिकिटं काढून ठेवलेली असतात ते एक सोडतात. आणि खरी हालचाल होते ती चार्टच्या वेळी. वेगवेगळ्या कोट्यांत न वापरलेले बर्थ, आणीबाणीच्या कोट्यातले न मागितलेले बर्थ, हे सगळं तेव्हा मोकळं होतं. अडचण अशी की या मोकळ्या झालेल्या बर्थवर पहिला हक्क GNWL चा असतो, मग वाटेतल्या स्थानकांच्या यादीचा, आणि सामायिक वाट्याचा नंबर मागेच लागतो. तुमच्या पहिल्या दोघांना चार्टच्या वेळी बर्थ मिळणं मला शक्य वाटतं. चौथ्यासाठी शेवटच्या दोन-तीन दिवसांत आणि चार्टला मिळून आणखी सात जागा मोकळ्या व्हाव्या लागतील. लग्नसराईत, जेव्हा पुढचे सगळेही कुठल्या तरी मुहूर्तालाच निघालेले असतात, तेव्हा इतकं हलेल यावर मी माझ्या घरच्यांना सोडणार नाही.

आयआरसीटीसीवर किंवा इतर अ‍ॅपवर शक्यतेची टक्केवारी दिसते. ती पूर्वीच्या प्रवासांच्या आकड्यांवरून काढलेली असते, त्यामुळे नेहमीच्या दिवसांत कामाची. पण पीएनआरवर चार माणसं असली की पहिल्याची टक्केवारी आणि चौथ्याची टक्केवारी यांत खूप फरक पडतो. स्वतः बघायचं झालं तर बघा शेवटच्या माणसाचा आकडा.

म्हणूनच पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चौघांपैकी दोघांचंच झालं तर काय होतं?

चौघंही यादीतच राहिले असते तर ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं आणि पैसे काही शुल्क वजा होऊन खात्यात येतात. पण एकाच पीएनआरवर दोघं कन्फर्म आणि दोघं वेटिंग अशी स्थिती आली की तिकीट रद्द होत नाही. चौघांचीही नावं चार्टवर राहतात आणि बर्थ दोनच असतात. उरलेल्या दोघांचे पैसे आपोआप येत नाहीत. कुणीच जाणार नसेल तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळं तिकीट रद्द करावं लागतं. दोघंच गेले तर टीटीईकडून तसं लिहून घेऊन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. तुमच्या आई-बाबांची नावं यादीत वर आहेत की खाली, तेही पाहा. फोटोत नावं नीट वाचता येत नाहीत. बर्थ क्रमाने मिळतात, वयाने नाही. ते तिसऱ्या-चौथ्या जागी असतील तर तुम्हाला बर्थ आणि त्यांना नाही, असंही होऊ शकतं. त्यामुळे वेटिंगमध्ये तिकीट काढायची वेळ आली तर मी वयस्कांची नावं सगळ्यात वर लिहितो आणि चौघांचं तिकीट दोन-दोन असं फोडतो. फोडल्याने कन्फर्म होण्याची शक्यता अजिबात वाढत नाही. पण एक जोडी गेली आणि दुसरी राहिली तर राहिलेल्यांचं तिकीट स्वच्छपणे रद्द होऊन पैसे परत येतात.

तुमचं ऑनलाइन आहे हे बरं. खिडकीवरून घेतलेलं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते घेऊन लोक आरक्षित डब्यात चढायचे. 1 मे 2025 पासून त्याबद्दल कडक पावलं उचलली आहेत आणि वेटिंगवाल्याला दंड करून जनरल डब्यात पाठवतात.

आता सोय. मी तुमच्या जागी असतो तर आजच संध्याकाळी लॅपटॉपवर बसून पुढच्या क्रमाने शोधलं असतं.

सगळ्यात आधी आई-बाबा. स्लीपर आणि एसी डब्यांत काही खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळे ठेवलेले असतात. कोटा निवडायच्या ठिकाणी ‘LOWER BERTH/SR. CITIZEN’ असा पर्याय दिसतो. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या स्त्रिया यांना तो मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर. तुम्ही चौघांचं एकत्र तिकीट काढलंत तिथेच हा दरवाजा बंद झाला. तुम्ही लोकांनी मुद्दाम केलं नाही, बहुतेकांना हे माहीतच नसतं. आई-बाबांचं दोघांचं वेगळं तिकीट या कोट्यात तुमच्या तारखेला शिल्लक आहे का, आदल्या-नंतरच्या दिवशी आहे का, ते पाहा. मिळालं तर कन्फर्म मिळतं आणि खालचा बर्थ मिळतो. नाहीतर वेटिंगमधून बर्थ मिळाला तरी तो वरचा मिळू शकतो आणि बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर रात्रभर टीटीईच्या मागे फिरावं लागतं.

दुसरं, याच गाडीत रांग बदलून बघा. शोधताना ‘कुठून’ मध्ये ग्वाल्हेरऐवजी निजामुद्दीन टाका. ‘कुठपर्यंत’ मध्ये आधी पुणे आणि मग वास्को किंवा मडगाव. प्रत्येक जोडीला उपलब्धता वेगळी दिसेल आणि वेटिंग असलं तर कोडही दिसेल. निजामुद्दीन ते वास्को GNWL असणार. निजामुद्दीन ते पुण्याला काय आहे ते तिथेच वाचा. एखाद्या जोडीला जागा शिल्लक असेल किंवा छोटं GNWL असेल, तर ते तिकीट काढून बोर्डिंग स्टेशन ग्वाल्हेर निवडा आणि पुण्याला उतरून जा. आधी उतरायला कुणाची हरकत नसते. भाडं मात्र पूर्ण अंतराचं पडतं. दिल्लीपासूनचे सुमारे तीनशे किलोमीटर वाढतात, पण लांबच्या अंतराला दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, त्यामुळे वाढ वाटते तितकी होत नाही.

इथे बोर्डिंग स्टेशन विसरू नका. हे मी दरवेळी दोनदा विचारतो. बोर्डिंग बदललं नाही आणि तुम्ही दिल्लीला चढला नाहीत, तर टीटीई तुम्हाला गैरहजर धरून तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. ग्वाल्हेरला तुम्ही तिकीट घेऊन चढाल आणि बर्थवर कुणीतरी झोपलेलं असेल. आणि एकदा ग्वाल्हेर ठेवलं की त्याच तिकिटावर दिल्लीहून चढायचा हक्क राहत नाही.

तिसरं, दुसरी गाडी. झेलम जम्मूकडून येते आणि पुण्याला संपते, म्हणजे तुमचं शेवटचं स्थानक तेच गाडीचं शेवटचं स्थानक. तिथे कोड आणि आकडा वेगळा असू शकतो. ग्वाल्हेरहूनच सुटणारी दौंडची साप्ताहिक गाडी तुमच्या दिवसाच्या जवळ येते का तेही पाहा. ती लांबच्या वाटेने जाते, वेळ जास्त लागतो, पण ग्वाल्हेर तिचं पहिलं स्थानक असल्यामुळे इथला माणूस मोठ्या रांगेत उभा राहतो. आपल्या गावच्या लोकांचं हे विशेषच आहे. दिल्ली-मुंबई, दिल्ली-दक्षिण अशा शेकडो गाड्या इथून जातात, पण जवळजवळ सगळ्यांत आपण मधले प्रवासी. म्हणून इथे जन्म काढलेल्या माणसाला ‘GNWL 30 आहे, बिनधास्त राहा’ हा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला लागू पडत नाही. ते त्यांच्या जागी खरंच सांगतात, पण त्यांची गाडी त्यांच्याच दारातून सुटते.

‘विकल्प’ सुरू करायला हरकत नाही. जागा उरली तर दुसऱ्या गाडीत देतात. पण एकदा दिली की ते तुमचं कन्फर्म तिकीट होतं आणि नको म्हणालात तर कन्फर्म तिकिटाच्या दराने पैसे कापले जातात. गाड्या निवडताना फक्त खरंच चालतील अशाच निवडा.

यापैकी काही मिळालं की हे PQWL लगेच रद्द करा. वेटिंग तिकीट रद्द करायला दर माणशी 60 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढं जातं. दोन्ही तिकिटं हातात ठेवून शेवटपर्यंत वाट पाहू नका. इकडे दोघं कन्फर्म झाले तर रद्द करण्याचा खर्च एकदम वाढतो, कारण तेव्हा कन्फर्मचे नियम लागतात.

आता तत्काळ. इथे वेळेचा सापळा आहे. एसीचं तत्काळ गाडी पहिल्या स्थानकाहून सुटण्याच्या आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता उघडतं. चार्ट मात्र त्यानंतर निघतो. पूर्वी तो चार तास आधी निघायचा, 2025 च्या जुलैपासून किमान आठ तास आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून किमान दहा तास आधी काढायला सुरुवात झाली आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा तर आदल्या दिवशी रात्रीच निघतो. कसंही धरलं तरी तत्काळ काढायचं की नाही हे तुम्हाला चार्ट बघण्याआधीच ठरवावं लागतं. ‘चार्टला काय होतं ते बघू आणि मग तत्काळ काढू’ असं म्हणणारे दोन्हीकडून हुकतात. म्हणून आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला पीएनआर उघडा. शेवटच्या माणसाचा आकडा 3 किंवा त्याहून कमी असेल तर मी थांबेन. 4 किंवा त्याहून जास्त असेल तर तत्काळला बसेन.

तत्काळ घरूनच काढा, माझ्यासारख्याकडे येऊ नका. एसीच्या तत्काळला पहिली तीस मिनिटं, दहा ते साडेदहा, आम्हा एजंटांना बंद आहेत आणि साडेदहानंतर अशा गाडीत काही उरत नाही. तुमचं आयआरसीटीसी खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आजच तपासा, कारण जुलै 2025 पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघत नाही. दहा वाजता ओटीपीसाठी बाबांचा जुना नंबर शोधायची वेळ येऊ देऊ नका. आणि जागा संपून TQWL दिसायला लागलं तर पैसे भरू नका. तत्काळची वेटिंग फक्त तत्काळमधून रद्द झालेल्यांवर जगते आणि चार्टच्या वेळी साध्या यादीच्या मागे उभी असते. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे ते करायला कुणी धजत नाही. म्हणजे ती रांग हलायला कारणच फारसं नसतं.

आणीबाणीच्या कोट्याबद्दल कुणीतरी सांगेलच, ‘अमक्याचं पत्र लावा.’ ग्वाल्हेर झाशी मंडळात येतं आणि अर्ज तिकडे करावा लागतो, तोही आधी. आजारपण, मुलाखत, घरातलं दुःखद कारण असेल तर जरूर करा. लग्नासाठी अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबून दुसरी सोय टाळू नका. ते बर्थ मोजकेच असतात.

चार्ट निघाला की पीएनआरवर ‘Chart Prepared’ दिसेल. तुमच्या चौघांच्या ओळी एकेक करून वाचा. CNF आणि पुढे डबा-बर्थ दिसला की काम झालं. RAC दिसलं तर गाडीत चढता येतं, बसायला जागा मिळते. बहुधा बाजूचा खालचा बर्थ दोघांत. प्रवासात टीटीईच्या हातातल्या यंत्रावर न आलेल्या प्रवाशांचे बर्थ मोकळे होत जातात, त्यांतून पूर्ण बर्थही मिळू शकतो. पण सामायिक वाट्यातली माणसं सहसा वेटिंगवरून थेट कन्फर्मला जातात, मधल्या RAC च्या पायरीवर भरवसा ठेवू नका. चौघांसमोर PQWL च राहिलं तर तिकीट आपोआप रद्द झालं, स्टेशनवर जाण्यात अर्थ नाही. मात्र लगेच आयआरसीटीसीच्या चार्ट-रिक्त जागांच्या पानावर गाडीचा नंबर, तारीख आणि ग्वाल्हेर टाकून पाहा. चार्टनंतर उरलेले बर्थ तिथे दिसतात आणि चालू आरक्षणात मिळतात. कधी कधी ग्वाल्हेर ते पुणे सलग नाही, पण ग्वाल्हेर ते भोपाळ एका बर्थवर आणि पुढे दुसऱ्या बर्थवर असं जुळतं. तरुण माणसांना ते चालेल, आई-बाबांना मध्यरात्री डबा बदलायला लावू नका.

आज रात्री ज्येष्ठांच्या कोट्यात आणि निजामुद्दीनहून काय दिसतं ते बघून मला कोड आणि दोन्ही आकडे लिहून कळवा. फोटो पाठवणार असाल तर पीएनआर झाकून.